पाच फोटो, एक मुखपृष्ठ : संपादक ताईंना लिहिलेला ईमेल

मागच्या वेळी आपल्यातल्या एका गटाने विचारलं होतं, की आमच्या गटाच्या अहवालाच्या पहिल्या पानावर कुठला फोटो लावायचा यावरून दोन दिवस वाद चालला, तर हे ठरवायचं कसं? आज त्याबद्दलच बोलणार आहोत. पण नुसते नियम सांगण्यापेक्षा आमच्याकडे घडलेला एक प्रसंग सांगतो. आम्हाला पाच फोटोंमधून एक निवडायचा होता, संपादक ताईंचं मत वेगळं होतं, आणि आमचं म्हणणं त्यांना ईमेलने लिहून कळवायचं होतं. त्या ईमेलातला एकेक तुकडा वाचून दाखवू आणि तो तसा का लिहिला ते सांगू.

आम्ही तिघी मुंबईच्या उपनगरांत राहतो. एक अंधेरीला, एक घाटकोपरला, एक मुलुंडला. एका मासिकाच्या मुखपृष्ठाचे फोटो काढायचं काम आमच्याकडे असतं. त्या अंकाचा मुख्य लेख होता सुक्या मासळीच्या हिशेबावर. ओला बोंबील घ्यायला किती पैसे लागतात, वाळवायला किती दिवसांची मेहनत जाते, विकून हातात काय उरतं, याचा तो लेख. म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही वर्सोव्याला गेलो. मुलुंडची मैत्रीण लोकलने घाटकोपरला आली, तिथून दोघींनी वर्सोव्याची मेट्रो पकडली, आणि अंधेरीची पुढे भेटली. वर्सोव्याच्या कोळीवाड्याला तिथली माणसं वेसावे म्हणतात. किनाऱ्यावर बांबू रोवून त्यांना दोऱ्या बांधलेल्या असतात, त्याला वलांडी म्हणतात. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी करायची आणि ती दोरीवर टांगायची. बोंबलात पाणी फार, म्हणून ऊन आणि वारा दोन्ही लागतं. मध्येच अवकाळी पाऊस आला तर माल हातचा जातो.

त्या सकाळी आम्ही दीडशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन पाच फोटो बाजूला ठेवले. संपादक ताईंना फोनवर ते पाठवले, तेव्हा त्यांचं लगेच उत्तर आलं, "तीन नंबरचा लावा. बघितल्याबरोबर काळजाला भिडतो." आम्हाला मात्र चार नंबरचा हवा होता. फोनवर बोलता बोलता नुसतं "तो चांगला", "हा छान" असंच होत होतं. ताई म्हणाल्या, "मला नीट लिहून पाठवा. मी शांतपणे वाचते." म्हणून तो ईमेल.

सुरुवात आम्ही अशी केली :

"विषय : मार्च अंकाचं मुखपृष्ठ, फोटो क्रमांक ४ का.

सप्रेम नमस्कार ताई. पाच फोटो सोबत जोडले आहेत, प्रत्येकाच्या नावात क्रमांक आहे. आमची निवड क्रमांक ४ आहे. तुम्हाला ३ आवडला हे आम्हाला ठाऊक आहे आणि तो फोटो म्हणून आम्हालाही आवडतो. तरी तो मुखपृष्ठावर का नको, आणि ४ मध्ये काय उणं आहे, हे दोन्ही खाली लिहिलं आहे."

इथे दोन गोष्टी बघा. पहिली, निर्णय पहिल्याच ओळींत सांगितला. संपादकाच्या टेबलावर पन्नास कामं असतात. पत्र शेवटपर्यंत वाचल्यावर उत्तर कळणार असेल तर ते मध्येच बाजूला पडतं. दुसरी, फोटोंना नंबर दिले आणि फाइलचं नावही तेच ठेवलं, `mukhprushtha_1.jpg` पासून `mukhprushtha_5.jpg` पर्यंत. नाहीतर मी म्हणते "तो मावशीचा फोटो" आणि पाचांपैकी चारांत मावशी असतात. शिवाय जीमेलवर एका पत्राला जोडण्यांची मर्यादा २५ एमबी असते. मोबाइलचा एक मूळ फोटो सहज ४–५ एमबीचा होतो, त्यामुळे पाचही मूळ फोटो एकत्र जोडले तर ते मर्यादेच्या अगदी जवळ जातात. आम्ही बघण्यापुरत्या लहान प्रती जोडल्या, आणि छपाईसाठीचा मूळ फोटो नंतर वेगळा पाठवू असं लिहिलं.

पुढे एकेका फोटोचं सांगितलं. आधी पहिला :

"क्रमांक १ : वलांड्यांच्या रांगा, मागे समुद्र, डावीकडे एक बाई. पाचांत देखणा हाच. पण तो आडवा आहे आणि आपलं पान उभं. उभा कापला तर अर्ध्याच्या आसपासच फोटो उरतो. रांगा ठेवल्या तर बाई जाते, बाई ठेवली तर रांगा जातात."

हे आम्ही डोळ्यांनी अंदाज बांधून लिहिलं नव्हतं. मोबाइलचा आडवा फोटो ४००० ठिपके रुंद आणि ३००० ठिपके उंच असतो असं धरा. आपल्या अहवालाचं पान असतं ए-फोर, म्हणजे २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ उंच. उंची पूर्ण ३००० ठेवली तर या पानाच्या मापात रुंदी जेमतेम २१०० ठिपके बसते. चार हजारांतले एकवीसशे ठेवायचे, बाकीचे कापायचे. तुम्हाला हे आकडे नको असतील तर सोपा उपाय आहे. एका कागदात पानाच्या मापाची लहान उभी खिडकी कापा, आणि ती मोबाइलच्या पडद्यावर आडव्या फोटोवरून सरकवत न्या. खिडकीत जे दिसतं तेवढंच मुखपृष्ठावर येणार. ती कशीही सरकवली तरी मुख्य गोष्ट बाहेर राहत असेल, तर तो फोटो आतल्या पानासाठी ठेवा.

आमच्यातली एक म्हणाली होती, "कॉम्प्युटरवर बाईला जरा उजवीकडे सरकवू, कोणाला कळणार?" ही युक्ती याआधी एका फार मोठ्या मासिकाने करून बघितली आहे. अमेरिकेचं 'नॅशनल जिऑग्राफिक'. फेब्रुवारी १९८२ च्या अंकासाठी त्यांच्याकडे इजिप्तच्या पिरॅमिडांचा आडवा फोटो होता. उभ्या मुखपृष्ठात तो बसेना, म्हणून त्यांनी यंत्राच्या मदतीने पिरॅमिड एकमेकांच्या जवळ सरकवले. पुढे ते उघड झालं आणि मासिकावर खूप टीका झाली. फोटोवर लोक विश्वास ठेवतात तो यासाठी, की समोर होतं तसंच त्यात आहे असं त्यांना वाटतं. आपल्या अहवालाचंही तसंच. मीटिंगला बारा जणी आल्या आणि फोटोत वीस दाखवल्या, तर उद्या आतले आकडेही कोणी खरे मानणार नाही. म्हणून आमचा नियम असा की उजेड थोडा कमी-जास्त करायचा, कडेचं कापायचं, पण फोटोतलं काही हलवायचं नाही, घालायचं नाही, पुसायचं नाही.

आता दुसरा :

"क्रमांक २ : मावशी लुगडं नेसून, दागिने घालून, डोक्यावर पाटी घेऊन हसत उभ्या आहेत. रंग सुंदर आहेत. पण हा पेहराव आमच्यासाठी होता. आम्ही फोटोचं बोलल्यावर त्या घरी जाऊन तयार होऊन आल्या. त्या दिवशी वलांडीवर काम करणाऱ्या बायका साध्या कपड्यांत होत्या, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. आपला लेख कामाच्या हिशेबाचा आहे, हा फोटो सणाचा वाटतो."

हा फोटो आमच्यापैकी एकीला फार आवडला होता आणि तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ती म्हणाली, "मावशींना स्वतःला असंच दिसायचं आहे, मग आपण का नको म्हणायचं?" यावर आमचं बरंच बोलणं झालं. शेवटी असं ठरलं, की दिवाळी अंक असता, किंवा मावशींची मुलाखत असती, तर हाच फोटो बरोबर होता. मुखपृष्ठ हे घराच्या दारासारखं असतं. दारावर तोरण बघून माणूस आत आला आणि आत जमाखर्चाची वही उघडी, तर तो गोंधळतो. म्हणजे फोटो चांगला की वाईट एवढंच बघून चालत नाही, आत जे छापलं आहे त्याच्याशी तो जुळतो का ते बघावं लागतं. मावशींना आम्ही तो फोटो मोठा छापून नेऊन दिला. आता तो त्यांच्या घरात लावलेला आहे.

तिसऱ्यावर आम्ही सगळ्यांत जास्त लिहिलं, कारण तोच ताईंचा आवडता होता.

"क्रमांक ३ : आजींचा जवळून घेतलेला चेहरा. सुरकुत्या, पाणावलेले डोळे. ताई, हा फोटो बघून तुम्हाला जे वाटलं तेच प्रत्येकाला वाटेल, की या बाईवर मोठं दुःख कोसळलं आहे. पण तसं नव्हतं. सकाळी ऊन जमिनीच्या बाजूने येतं. आजी समुद्राकडे पाठ करून, सूर्याकडे तोंड करून बसल्या होत्या, वाराही होता, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या मिनिटभर आधी त्या आमच्या मासे निवडण्यावर हसत होत्या. दुसरं कारण अधिक मोठं आहे. आम्ही त्यांना हा फोटो दाखवून मुखपृष्ठाचं विचारलं, आणि त्या नको म्हणाल्या."

आजी काय म्हणाल्या ते आम्ही ईमेलात त्यांच्याच शब्दांत लिहिलं. त्या म्हणाल्या, "लोक बोलतील, म्हातारी रडते, पोरं हिला बघत नाहीत. माझी पोरं चांगली आहेत." आम्हाला हे सुचलंच नव्हतं. आम्ही फोटोत सुरकुत्या आणि उजेड बघत होतो. आजींना त्यात त्यांच्या मुलांची अब्रू दिसली.

इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. फोटो काढताना आजींनी होकार दिला होता. मग पुन्हा विचारायची गरज काय? गरज अशी, की "फोटो काढू का?" आणि "हा तुमचा फोटो पहिल्या पानावर एवढा मोठा छापून गावोगाव पाठवू का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला हो म्हणणाऱ्या बाईने दुसऱ्याला हो म्हटलेलं नसतं. म्हणून आम्ही दोनदा विचारतो. दुसऱ्यांदा विचारताना निवडलेला फोटो दाखवतो, तो कुठे छापणार, सोबत कोणते शब्द असणार, कोण वाचणार हे सांगतो, आणि घरी विचारून सांगा म्हणून एक दिवस देतो. फोटोत लहान मूल असेल तर आईला किंवा वडिलांना विचारतो.

ताईंना आम्ही त्याच 'नॅशनल जिऑग्राफिक'चा दुसरा प्रसंग लिहिला. १९८४ साली स्टीव्ह मकरी नावाच्या फोटोग्राफरने पाकिस्तानात पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत एका अफगाण मुलीचे फोटो काढले. त्यातले दोन फोटो संपादकांसमोर आले. एकात मुलीने हातांनी तोंडावर ओढणी धरली होती, दुसऱ्यात ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. फोटो निवडणाऱ्या संपादकांना पहिला बरा वाटत होता. मुख्य संपादक विल्बर गॅरेट यांनी दुसरा बघितला आणि म्हणाले, हेच मुखपृष्ठ. जून १९८५ च्या अंकावर तो आला आणि जगातल्या सगळ्यांत प्रसिद्ध मुखपृष्ठांपैकी एक झाला. पिरॅमिड सरकवले तेव्हाही संपादक हेच होते. एकाच माणसाच्या हातून एक चूक झाली आणि एक निवड जगभर गाजली.

पण त्या मुलीचं काय? तिचं नाव त्या मासिकालाही माहीत नव्हतं. २००२ साली ती सापडली, तेव्हा जगाला कळलं की तिचं नाव शरबत गुला. सतरा वर्षं तिचा चेहरा जगभर फिरला आणि तिने तो फोटो एकदाही पाहिला नव्हता. फोटो काढला तेव्हा आपल्याला राग आला होता, एक परका माणूस समोर होता, असं तिने सांगितलं. डोळ्यांतल्या त्या नजरेवर लोकांनी युद्धाच्या किती कथा रचल्या, पण त्यात त्या क्षणाचा रागही होता. आम्ही ताईंना एवढंच लिहिलं, "निवडीच्या टेबलावर त्या मुलीला कोणी विचारलं नव्हतं. आपल्या आजी इथून मेट्रोने तासाभराच्या अंतरावर आहेत, त्यांना आपण विचारलं आहे, आणि त्यांनी उत्तर दिलं आहे."

पाचवा फोटो आधी सांगतो, मग चौथ्याकडे येतो.

"क्रमांक ५ : संध्याकाळी दोघी जणी वही उघडून पैसे मोजत आहेत. विषयाला सगळ्यांत जवळचा हाच. पण तो आपला नाही, तिथल्या एका मुलीने काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. तो १२०० रुंद आणि १६०० उंच एवढाच आहे. मुखपृष्ठाला हा पुरणार नाही. शिवाय वहीचं पान वाचता येतं, त्यात उधारीची नावं आहेत."

छपाईचं गणित इथे समजून घेऊ, कारण गटांची फसगत इथेच होते. पडद्यावर फोटो झकास दिसतो आणि छापून आल्यावर धुरकट दिसतो. फोटो म्हणजे रंगाचे ठिपके. चांगल्या छपाईला प्रत्येक इंचात ३०० ठिपके लागतात. ए-फोर पान सव्वाआठ इंच रुंद आणि पावणेबारा इंचांच्या जरा कमी उंच. म्हणजे पूर्ण पानाला साधारण २४८० रुंद आणि ३५०८ उंच ठिपके हवेत. पाचव्या फोटोत उंचीला १६०० आहेत. ते पावणेबारा इंचांवर पसरले तर इंचाला १४० सुद्धा येत नाहीत. घट्ट पिठाची पोळी जास्तच लाटली तर मध्ये विरते, तसं होतं. तोच फोटो आत चार इंच रुंद छापला तर १२०० ला चारने भागून बरोबर ३०० येतात. म्हणून तो आतल्या पानाला चालतो, मुखपृष्ठाला नाही.

तुमच्या फोटोत किती ठिपके आहेत ते मोबाइलवरच दिसतं. गॅलरीत फोटो उघडून तपशील किंवा माहिती बघा, तिथे गुणिले चिन्ह असलेले दोन आकडे असतात. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की तो लहान होऊन जातो. मूळ फोटो पाठवायचा असेल तर तो फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, किंवा ईमेलला जोडा. आणि एकदा लहान झालेला फोटो पुन्हा मोठा करून ठिपके परत येत नाहीत. ज्या बाईने काढला तिच्या मोबाइलमधूनच मूळ मागवावा लागतो. आम्हीही त्या मुलीकडे मागितला होता, पण तिने मोबाइलमधली जागा भरली म्हणून तो पुसून टाकला होता.

आणि उधारीची वही. ते तर फोटो मोठा करून बघितल्याशिवाय आमच्या लक्षातच आलं नव्हतं. अमक्या बाईकडे इतके बाकी, तमक्या बाईकडे तितके. हे छापून आलं असतं तर वाड्यात भांडणं लागली असती. म्हणून निवडलेला प्रत्येक फोटो कोपऱ्याकोपऱ्याने मोठा करून बघायचा. पासबुकाचा नंबर, आधार कार्ड, औषधाची चिठ्ठी, भिंतीवरचा फोन नंबर, असं काही त्यात नाही ना? आतल्या पानावर आम्ही तो फोटो वहीच्या वर कापून घेतला, हात आणि नोटा ठेवल्या.

आता चौथा, आमची निवड :

"क्रमांक ४ : एक बाई वलांडीवर बोंबलाची जोडी अडकवत आहे, दुसरी घमेल्यातून तिच्या हातात मासे देत आहे. फोटो उभा आहे, ३००० रुंद आणि ४००० उंच, म्हणजे पूर्ण पानाला पुरतो. वरचा एक तृतीयांश भाग मोकळं आकाश आहे, तिथे मासिकाचं नाव काळ्या अक्षरांत स्वच्छ वाचता येईल. काम नेमकं काय आहे ते वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल. दोघींना फोटो दाखवला, दुसऱ्या दिवशी दोघींनी होकार कळवला."

आणि लगेच पुढे :

"याच्यातलं उणं. डाव्या बाईचा अर्धा चेहरा ओढणीच्या सावलीत आहे. छपाईत सावली आणखी गडद होते, म्हणून तेवढा भाग थोडा उजळावा लागेल. घमेलं कडेला कापलं गेलं आहे, ते दुरुस्त होणार नाही. आणि हा फोटो ३ सारखा एकदम काळजाला भिडत नाही. तो हळूहळू भिडतो."

आपल्या निवडीतली खोट आपणच लिहिल्याने बाजू कमकुवत होईल, असं आमच्यातल्या एकीला वाटलं होतं. झालं उलट. खोट लपवली असती तर ताईंना ती दिसली असतीच, आणि मग बाकीच्या कारणांवरही त्यांनी शंका घेतली असती.

हा फोटो निवडताना आम्ही दोन साध्या परीक्षा घेतल्या, त्या तुम्हीही घेऊ शकता. पहिली, पाचही फोटो लहान, पासपोर्टच्या मापाचे छापून भिंतीवर लावले आणि पाच-सहा पावलं मागे जाऊन बघितलं. मुखपृष्ठ लोक आधी दुरूनच बघतात, टेबलावर पडलेलं किंवा दुसऱ्याच्या हातातलं. तेवढ्या अंतरावरून पहिल्या फोटोतली बाई दिसेनाशी झाली. चौथ्यातले दोन हात आणि मधली बोंबलाची जोडी मात्र कळत होती. दुसरी परीक्षा झेरॉक्सची. फोटोची काळी-पांढरी झेरॉक्स काढली आणि जिथे नाव येणार तिथे काळ्या पेनाने ते लिहून बघितलं. दुसऱ्या फोटोत वरच्या बाजूला घरं, वायरी, पताका होत्या. रंगीत फोटोत त्या छान दिसत होत्या, पण झेरॉक्सवर अक्षरं त्यांत बुडाली. चौथ्याच्या आकाशावर अक्षरं उठून आली. झेरॉक्स रंगांची भुरळ काढून टाकते आणि फक्त उजेड-अंधार उरतो. वाचता येणं त्यावरच अवलंबून असतं.

अजून एक. छापखान्यात छापलेली पानं एकदम कापतात, त्यात कडा एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होते. म्हणून फोटो पानापेक्षा चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त ठेवायचा असतो, आणि कोणाचं डोकं, हात किंवा अक्षरं अगदी कडेला ठेवायची नसतात. चौथ्या फोटोचं माप पानापेक्षा जरा रुंद असल्याने बाजूंना ही जागा मिळत होती. घमेल्याची कड त्यात आणखी थोडी गेली, ते आम्ही चालवून घेतलं.

ईमेलचा शेवट असा होता :

"३ नंबरचा फोटो आत छापायलाही आजी तयार नाहीत, त्यामुळे तो आपल्याकडून कुठेच वापरला जाऊ नये अशी विनंती. १ आतल्या दोन पानांवर आडवा लावता येईल. ५ लहान, कापून. तुमचा निर्णय गुरुवारपर्यंत कळला तर शुक्रवारी मूळ फोटो छापखान्यात देता येईल. आपल्या, तिघी."

म्हणजे चौघांना बाजूला काढून सोडून दिलं नाही. ज्यांचं काम होऊ शकतं त्यांना जागा सुचवली, आणि तारीख दिली. तारीख दिली नाही तर निर्णय लांबतो आणि शेवटच्या रात्री हाताला लागेल तो फोटो छापला जातो.

ताईंचा फोन बुधवारी आला. चौथा फोटो त्यांनी मान्य केला. मात्र तिसरा सोडायचा त्यांना त्रास झाला हे त्यांनी लपवलं नाही. "असा फोटो वर्षातून एकदा मिळतो," म्हणाल्या. आम्हालाही तसंच वाटत होतं. मग त्यांनी आमच्या लक्षात न आलेली एक गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "दोघींची नावं छापायची की नाही ते विचारलंत का?" आम्ही फोटोचं विचारलं होतं, नावाचं विचारलं नव्हतं. पुन्हा गेलो. एकीने नाव छापायला सांगितलं, दुसरीने नको म्हटलं. मग आतल्या पानावर मुखपृष्ठाची ओळ आली, तीत एक नाव आणि "त्यांची सहकारी" असे शब्द होते.

अंक निघाल्यावर आम्ही काही प्रती घेऊन वेसाव्याला गेलो. आजी वलांडीखालीच बसल्या होत्या. त्यांनी मुखपृष्ठ हातात घेतलं, दुसऱ्या दोघींचा फोटो नीट बघितला आणि म्हणाल्या, "जोडी बरोबर अडकवलीय." मग त्यांनी आम्हाला लेखातला हिशेब वाचून दाखवायला सांगितलं.

तुमच्या गटाच्या अहवालाचा फोटो निवडायला बसाल, तेव्हा फोटोंना नंबर द्या, खिडकी कापून सरकवा, मोबाइलमध्ये ठिपके बघा, एक झेरॉक्स काढा, आणि फोटोतल्या बाईला दुसऱ्यांदा विचारा. मग तुमचं कारण कागदावर लिहा, त्यातल्या उणिवेसकट. लिहायला बसल्यावर कारण सापडत नसेल, तर बहुतेक वेळा तो फोटो फक्त आपल्या ओळखीच्या बाईचा असतो म्हणून आवडलेला असतो. आमचंही तसं दोनदा झालं आहे. पुढच्या भागात आतल्या पानांवर फोटोखाली ओळ कशी लिहायची ते बोलू. तोवर नमस्कार.